पालकसभेचं भाषण स्लाइडवरून कसं लिहावं

पालकसभेच्या आठवडाभर आधी मुख्याध्यापकांकडून स्लाइड येतात: उपस्थिती, गृहपाठ, मूल्यमापन. बोलायला मिळतात वीस मिनिटं. पहिल्या वर्षी मी त्या स्लाइड जशाच्या तशा वाचून दाखवल्या. सभा संपल्यावर एका वडिलांनी मला गाठून विचारलं, "म्हणजे ताप असला तरी पाठवायचं का?" पूर्ण वेळ मी उपस्थितीवर बोलले होते आणि त्यांना हवी होती ती एकच गोष्ट राहून गेली होती. तेव्हापासून मी भाषण असं लिहिते.

१. आधी प्रश्न लिहा

स्लाइडचा छापील कागद समोर ठेवा आणि प्रत्येक नियमाशेजारी पेन्सिलीने लिहा, की हे ऐकल्यावर पालक काय विचारतील. "सलग गैरहजेरीसाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आवश्यक" याच्याशेजारी येईल: किती दिवसांनंतर? प्रमाणपत्र दिलं की ते दिवस हजेरीत धरतात का? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक स्लाइडवर नसतंच. गैरहजेरीचं कारण मान्य होणं वेगळं आणि तो दिवस हजर म्हणून मोजला जाणं वेगळं. पालक या दोन गोष्टी एकच समजतात आणि वर्षअखेरीला वाद होतो. अशा प्रश्नांची उत्तरं सभेच्या आधी मुख्याध्यापकांकडून लिहून घ्या. व्यासपीठावर अंदाजाने दिलेलं उत्तर पुढे शाळेचा शब्द म्हणून धरलं जातं.

२. टक्क्यांचे दिवस करा

भाषणाचा सगळ्यात जास्त वेळ मी इथे घालवते. समजा, एका स्लाइडवर आहे "९० टक्के उपस्थिती अपेक्षित" आणि पुढे कुठेतरी "७५ टक्क्यांपेक्षा कमी उपस्थिती असल्यास वार्षिक परीक्षेस बसण्यासाठी विशेष परवानगी आवश्यक". वाचणाऱ्याला दोन्ही वाक्यं ठीक वाटतात. ऐकणाऱ्याच्या मनात मात्र लहान आकडाच राहतो: ७५ चालतं.

आता हिशोब करू. शाळेचे कामाचे दिवस २०० असतील, तर ९० टक्के म्हणजे वर्षात २० गैरहजर दिवस आणि ७५ टक्के म्हणजे ५०. आठवड्याला पाच दिवस शाळा धरली, तर ५० दिवस म्हणजे दहा आठवडे, जवळजवळ अडीच महिने. हे आकडे तुमच्या शाळेच्या कामाच्या दिवसांवरून काढा आणि बोलताना असे मांडा:

"वर्षात वीस दिवस. आजारपण, घरचं कार्य, सगळं धरून वीस. म्हणजे दहा महिन्यांत महिन्याला दोन. पंचाहत्तर टक्के हा आकडाही तुम्ही ऐकला असेल. ती सवलत नाही. तिथपर्यंत मूल पोचलं, तर त्याचे अडीच महिन्यांचे धडे बुडालेले असतील. म्हणून आम्ही तोवर थांबणार नाही, दहावा दिवस बुडाला की वर्गशिक्षक तुम्हाला फोन करतील. आणि ताप असेल तर मुलाला घरीच ठेवा, फक्त सकाळी कळवा."

शेवटचं वाक्य त्या वडिलांमुळे कायमचं आलं आहे. दहाव्या दिवशी फोन करण्याचं मात्र वर्गशिक्षकांनी मान्य केलं असेल तरच बोला.

उशिरा येण्याबद्दल वेगळी स्लाइड असेल, तर तिलाही हाच उपाय लागू पडतो. रोजची दहा मिनिटं २०० दिवसांत दोन हजार मिनिटं होतात, म्हणजे तेहतीस तासांहून जास्त. एवढं एक वाक्य पुरे.

३. गृहपाठ: पालकांनी नेमकं काय करायचं

"गृहपाठ वेळेत पूर्ण करून घेणे ही पालकांची जबाबदारी आहे." या वाक्यातल्या "पूर्ण" या शब्दाने घरोघरी रडारड होते. पालक गणितं सोडवून देतात, वही सुबक दिसते आणि मुलाला हातचा घ्यायला जमत नाही हे शिक्षकांना कळतच नाही. म्हणून भाषणात नियमाऐवजी संध्याकाळचं चित्र उभं करा: "जागा आणि वेळ तुम्ही ठरवून द्या, लिहू दे त्याला. अर्धा तास झाला आणि गणित सुटत नसेल, तर तिथेच थांबवा. वहीत लिहा, 'इथपर्यंत केलं, पुढे अडलं,' आणि सही करा. ती सही आम्ही पूर्ण गृहपाठाइतकीच मानू."

मी हे एकदा सहकाऱ्यांना न विचारताच बोलून बसले होते. पुढच्याच आठवड्यात सही असलेल्या एका मुलाला दुसऱ्या विषयाच्या तासाला उभं केलं गेलं आणि त्याची आई माझ्याकडे आली. चूक माझी होती. भाषणातलं प्रत्येक "आम्ही" सगळ्या शिक्षकांना दाखवून, त्यांच्याकडून हो म्हणवून घ्या. अर्ध्या तासाची मर्यादाही इयत्तेप्रमाणे बदलेल, ती त्या त्या शिक्षकांकडून घ्या.

४. मूल्यमापन: दोन मुलं, एकच बेरीज

आकारिक आणि संकलित हे शब्द स्लाइडवर असू द्या. बोलताना म्हणा, "वर्षभर वर्गात चाललेलं काम" आणि "सत्राच्या शेवटचा पेपर". समजा, पहिल्याला ४० गुण आहेत आणि दुसऱ्याला ६०. तक्ता समजावत बसू नका, दोन काल्पनिक मुलं घ्या. एकाला वर्षभराच्या कामात ४० पैकी ३४ आणि पेपरात ६० पैकी २७. दुसऱ्याला २२ आणि ३९. दोघांची बेरीज ६१.

इथे क्षणभर थांबा, पालकांना ते आकडे बघू द्या. मग सांगा, की पहिल्याला विषय येतो, पण तीन तास एका जागी बसून लिहिताना तो कमी पडतो, त्याला वेळ लावून पेपर सोडवण्याचा सराव हवा. दुसरा परीक्षेपुरता जोर लावतो आणि त्याचे प्रकल्प अर्धवट राहतात, त्याची रोजची वही बघायला हवी. याला आणखीही कारणं असू शकतात, म्हणून "असू शकतं" म्हणा आणि नक्की काय ते शिक्षकांना विचारायला सांगा. पालक प्रगतिपुस्तकात आधी बेरीज बघतात. या उदाहरणानंतर ते दोन्ही रकाने बघतील. खऱ्या मुलाचे गुण, नाव झाकूनसुद्धा, वापरू नका. वर्गातले पालक ओळखतात.

५. मोठ्याने वाचा आणि कापा

वीस मिनिटं मिळाली असतील, तर भाषण बारा-तेरा मिनिटांचंच लिहा, उरलेला वेळ प्रश्नांचा. मोबाइलवर वेळ लावून उभं राहून वाचा. "करण्यात येईल", "आवश्यक आहे" अशा वाक्यांवर जीभ अडखळते. तिथे कोण करणार ते घाला: "वर्गशिक्षक करतील", "तुम्ही कळवा". वेळ जास्त होत असेल, तर पालकांना घरी जाऊन काही करायला न लावणारं वाक्य पहिलं काढा. शाळेचं धोरण कधी मंजूर झालं, कोणत्या समितीने केलं, हे बहुधा इथेच गळतं.

मग स्लाइडकडे वळा. पडद्यावर पूर्ण परिच्छेद असला, की लोक तो वाचतात आणि तुमचं ऐकत नाहीत. उपस्थितीच्या स्लाइडवर मी फक्त "२० दिवस" ठेवते, मूल्यमापनाच्या स्लाइडवर त्या दोन मुलांचे गुण. मूळ नियमांचा छापील कागद सभा संपताना दारात देते.

प्रश्नोत्तरांत कुणीतरी स्वतःच्या मुलाचं नाव घेऊन विचारणारच. त्यासाठी एक वाक्य आधीच लिहून ठेवा: "हे आपण दोघं बसून बोलू, सभा झाली की मी इथेच थांबते." आणि खरोखर थांबा.