एम्फसिस ऑफ मॅटर की क्वालिफिकेशन? ऑडिट रिपोर्टमधल्या या चुका टाळा

ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये रिपोर्ट फायनल करताना क्लायंटचा एक ठरलेला डायलॉग असतो, "सर, क्वालिफिकेशन नको, बँकवाले प्रश्न विचारतात, तेवढं एम्फसिस ऑफ मॅटरमध्ये टाका ना". आणि बऱ्याच ऑफिसात ते टाकलंही जातं, कारण मजकूर तोच, फक्त हेडिंग बदललं की सगळे खूश. पण एसए 705 आणि एसए 706 ही एकाच गोष्टीची कडक आणि सौम्य अशी दोन रूपं नाहीत. 705 तेव्हा लागतं जेव्हा हिशोबात काहीतरी चूक आहे किंवा पुरेसा पुरावाच मिळाला नाही, आणि 706 तेव्हा जेव्हा हिशोब बरोबर आहे.

एक उदाहरण घेऊ, आकडे काल्पनिक आहेत पण फाइल ओळखीची वाटेल. चाकणची पार्ट बनवणारी प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, टर्नओव्हर 40 कोटी, टॅक्सआधीचा प्रॉफिट 1 कोटी 20 लाख. डेटर्समध्ये एका कस्टमरकडून 90 लाख येणं आहे आणि तो कस्टमर मार्चच्या आधीच एनसीएलटीत गेलाय, आपल्या क्लायंटनं ऑपरेशनल क्रेडिटर म्हणून क्लेम पण लावलाय. प्रोव्हिजन शून्य. नोट 31 मध्ये लिहिलंय की मॅनेजमेंटला पूर्ण वसुलीची खात्री आहे. आर्टिकलनं ड्राफ्टमध्ये एम्फसिस ऑफ मॅटरचं हेडिंग दिलं, खाली लिहिलं की नोट 31 कडे लक्ष वेधतो, 90 लाखांची प्रोव्हिजन केलेली नाही, आणि शेवटी ते नेहमीचं वाक्य, या बाबतीत आमचं ओपिनियन मॉडिफाइड नाही.

आता या पॅऱ्याला एकच प्रश्न विचारा: क्लायंटनं आत्ता एक जर्नल एंट्री पास केली तर हा पॅरा उडेल का? उडेल, प्रोव्हिजन डेबिट केली की विषय संपला. म्हणजे अडचण अनिश्चिततेची नाही, न झालेल्या एंट्रीची आहे, आणि एंट्री हवी होती पण केली नाही याला मिसस्टेटमेंट म्हणतात. नोटमध्ये सगळं खरं लिहिलं म्हणून चुकीचा आकडा बरोबर होत नाही, ही गोष्ट क्लायंटला सांगताना मात्र जीव जातो.

मग पुढे काय? समजा क्लेमची कागदपत्रं, सिक्युअर्ड बँकांचं देणं वगैरे बघून लक्षात आलं की 80 लाख तरी जाणार. प्रॉफिट 1 कोटी 20 वरून 40 लाखांवर येतो, मटेरियल आहे यात वाद नाही. पर्व्हेसिव्ह आहे का, हा जजमेंटचा भाग. इथे चूक डेटर्स आणि प्रॉफिट एवढ्यापुरतीच आहे, बाकी बॅलन्स शीट ठीक, म्हणून मी अॅडव्हर्सपर्यंत जाणार नाही, क्वालिफाइड देईन. पण हाच कस्टमर एकूण डेटर्सपैकी बहुतांश असता तर पुन्हा विचार करावा लागला असता. "बेसिस फॉर क्वालिफाइड ओपिनियन" मध्ये परिणाम आकड्यात द्यायचा: प्रोव्हिजन केली असती तर टॅक्सआधीचा प्रॉफिट, डेटर्स आणि रिझर्व्ह किती कमी झाले असते. आकडा काढणं शक्यच नसेल तर तसं लिहायचं. आणि ओपिनियनमध्ये "एक्सेप्ट फॉर" लिहायचं. जुन्या सवयीनं अजूनही "सब्जेक्ट टू" लिहिणारे आहेत, ते 705 ला पुरेसं स्पष्ट वाटत नाही, सोडून द्या.

त्याच कंपनीचा दुसरा विषय बघा. फॅक्टरीच्या जमिनीच्या टायटलवर हायकोर्टात दावा चालू आहे, निकाल विरुद्ध गेला तर प्लांटच हलवावा लागेल. वकिलाचं लेखी मत आहे की आज निकाल कुठल्या बाजूनं जाईल सांगता येत नाही आणि रक्कमही धरता येत नाही, म्हणून प्रोव्हिजन बसत नाही, आणि नोट 34 मध्ये दाव्याची पूर्ण हकीकत दिलीय. इथे तोच प्रश्न विचारा. कुठलीच एंट्री हा पॅरा उडवू शकत नाही, फक्त कोर्ट उडवू शकतं. आणि वाचणाऱ्यासाठी ही बाब मूलभूत आहे. हा खरा एम्फसिस ऑफ मॅटर.

तो लिहिताना पण घोळ होतात. सगळ्यात कॉमन म्हणजे नोटमध्ये नसलेली माहिती पॅऱ्यात घालणं, म्हणजे नोट 34 मध्ये दाव्याची रक्कम नाही आणि ऑडिटर स्वतःच लिहून मोकळा. एम्फसिस फक्त फायनान्शियल्समध्ये जे दिलंय त्याकडेच बोट दाखवू शकतो, नोट अपुरी असेल तर आधी क्लायंटकडून नोट सुधारून घ्या, तो नाही म्हणाला तर मामला डिस्क्लोजरच्या क्वालिफिकेशनचा होतो. दुसरं, प्रत्येक साध्या कंटिन्जंट लायबिलिटीला एम्फसिस देणं, पाच-सहा पॅरे झाले की जमिनीचा दावा त्या गर्दीत हरवतो. आणि गोइंग कन्सर्नची मोठी अनिश्चितता इथे टाकू नका, डिस्क्लोजर नीट असेल तर एसए 570 प्रमाणे तिला स्वतःचं वेगळं हेडिंग आहे, डिस्क्लोजर नीट नसेल तर क्वालिफाइड किंवा अॅडव्हर्स.

अदर मॅटर तर बिचारा अडगळीची खोली झालाय, कुठे बसेना ते तिथे. त्याचं काम वेगळं आहे: जी गोष्ट फायनान्शियल्समध्ये दिलेलीच नाही पण ऑडिट किंवा रिपोर्ट समजायला लागते, ती. मागच्या वर्षीचं ऑडिट दुसऱ्या सीएनं केलं होतं आणि तसं सांगायचं ठरवलं तर इथे सांगायचं, त्यांचं ओपिनियन कोणतं होतं (मॉडिफाइड असेल तर का) आणि रिपोर्टची तारीख काय हेही द्यायचं, नुसतं "दुसऱ्या ऑडिटरनं केलं" पुरत नाही.

इथली धोकादायक चूक स्टॉकची. ऑडिटरची नेमणूक मे महिन्यात झाली, 31 मार्चच्या मोजणीला हजर राहणं शक्यच नव्हतं, म्हणून अदर मॅटरमध्ये एक ओळ, की आम्ही स्टॉक व्हेरिफिकेशनला उपस्थित नव्हतो. ही ओळ वाचून कळत काहीच नाही, पुरावा मिळाला की नाही? आधी नंतरच्या एखाद्या तारखेला मोजणी करून परचेस, सेल्स आणि प्रॉडक्शनच्या नोंदींवरून मागे 31 मार्चपर्यंत यायचं. जमलं तर मोजणीला नसल्याचा पॅराच नको. नाहीच जमलं, दुसऱ्या मार्गानंही खात्री झाली नाही आणि स्टॉक मटेरियल आहे तर तो स्कोप लिमिटेशन, म्हणजे क्वालिफाइड, आणि परिणाम पर्व्हेसिव्ह असू शकतो असं वाटलं तर डिस्क्लेमर.

क्लायंट एवढा का भांडतो तेही लक्षात ठेवा. कंपनीज अॅक्टच्या कलम 134(3)(एफ) प्रमाणे प्रत्येक क्वालिफिकेशन, रिझर्व्हेशन, अॅडव्हर्स रिमार्क आणि डिस्क्लेमरवर बोर्डाला आपल्या रिपोर्टमध्ये खुलासा द्यावा लागतो, एम्फसिस ऑफ मॅटरचं नाव त्या यादीत नाही. म्हणजे 90 लाखांचा पॅरा एम्फसिसमध्ये ढकलला की डायरेक्टर्सना त्यावर एक ओळही लिहावी लागत नाही. तुमचा ड्राफ्ट हातात घेऊन क्लायंट हेडिंग बदलायला सांगेल तेव्हा हेडिंगवर वाद घालत बसू नका, प्रोव्हिजनची एंट्री लिहून त्याच्यासमोर ठेवा आणि विचारा, ही पास करताय का.