सभा चुकलेल्यांसाठी सारांश: आधी निवेदक लिहा

वाचनगटात शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ चालू असेल आणि काहींच्या सभा चुकल्या असतील, तर सारांश नुसत्या घटनांचा लिहू नका. महाभारताची कथा बहुतेकांना माहीतच असते. अडतं ते दुसरीकडे. कादंबरी कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांच्या तोंडून उलगडते, आणि प्रत्येकाला ठाऊक असलेलं वेगळं असतं.

म्हणून प्रत्येक भागाच्या टिपणाची पहिली ओळ निवेदकाची. मग चार-पाच वाक्यांत घटना, आणि शेवटी ‘कुणाला काय कळलं’. कुंतीच्या भागाचं टिपण असं होईल: ‘निवेदक कुंती. दुर्वासांचा मंत्र, सूर्यापासून पुत्र, पेटी नदीत सोडली. वाचकाला जन्मरहस्य कळलं. कर्णाला अजून नाही.’ ही शेवटची ओळ गाळली, की पुढे कर्ण स्वतःला सूतपुत्र का म्हणवतो, यावर सभेत उगाच वाद होतो.

टिपण भाग वाचून संपताच लिहा. पुढचं वाचून झाल्यावर लिहिलं, तर नंतरची माहिती नकळत आधीच्या भागात शिरते. निवेदकाचं मत असेल तिथे ‘दुर्योधनाच्या मते’ असं स्पष्ट लिहा. नाहीतर त्याचा राग लेखकाचा निवाडा वाटतो.