कीबोर्डवर तलावपाळीचा फोटो लावा, पण टायपिंग मंदावू देऊ नका

ठाण्यात नौपाड्यातल्या मावशीने तलावपाळीचा संध्याकाळचा फोटो कीबोर्डमागे लावला आणि दोनच दिवसांत तक्रार आली, "अरे, फोन स्लो झालाय. 'घर' लिहायला जावं तर 'धर' उमटतं!" फोन होता तसाच होता. पाण्यातले दिव्यांचे ठिपके नेमके अक्षरांमागे आले होते. घ-ध, भ-म, थ-य ही जुळी भावंडं तिला ओळखू येईनात, म्हणून बोट प्रत्येक बटणावर अडखळत होतं.

थीम बदलण्याआधी साध्या थीमवर एकच वाक्य तीनदा टाइप करा. फोनच्या स्टॉपवॉचवर वेळ घ्या आणि चुका मोजा. हे केलं नाही तर नंतर मंदावलं की नाही, ते नुसतं अंदाजाने ठरवावं लागेल.

आता Gboard, म्हणजे Google च्या कीबोर्डच्या सेटिंग्जमध्ये Theme उघडा. My Themes खालच्या अधिक चिन्हावर टिचकी मारून फोटो निवडा. फोटो सरकवून त्यातला शांत भाग, म्हणजे नुसतं पाणी किंवा आभाळ, बटणांमागे आणा. पुढे उजेडाची पट्टी येते. ती फोटो थोडा मेलेला वाटेपर्यंत खाली ओढा. इथे हात आखडला तर पुढचं सगळं फुकट. शेवटी Key borders चालू करा. चौकटीमुळे फोटो थोडा झाकला जातो खरा, पण बटण कुठे संपतं ते नजरेला लगेच कळतं.

मग Preferences मध्ये Popup on keypress चालू करा. बटण दाबलं की अक्षर बोटाच्या वर मोठं होऊन दिसतं. मराठीत याचा उपयोग इंग्रजीपेक्षा जास्त, कारण घ की ध हे बोट उचलायच्या आत कळतं. लोकलमध्ये मात्र तेच मोठं अक्षर शेजारच्यालाही दिसतं. खासगी काही लिहायचं असेल तेव्हा ते बंद ठेवा.

या पॉप-अपचा रंग थीमबरोबर बदलतो, पण आकार वेगळा निवडायची सोय Gboard मध्ये नाही. बटणांचं रूपच बदलायचं असेल तर HeliBoard या दुसऱ्या कीबोर्डमध्ये Material, Rounded आणि Holo अशा शैली आहेत. बाकी फॅन्सी कीबोर्डची कुठलीही अ‍ॅप मी घेत नाही. नवा कीबोर्ड चालू करताना अँड्रॉइड स्वतःच बजावतो, की तुम्ही टाइप केलेलं सगळं हा कीबोर्ड गोळा करू शकतो.

आता तेच वाक्य पुन्हा तीनदा टाइप करा. चुका वाढल्या तर फोटो आणखी काळवंडवा. चुका तेवढ्याच, पण अक्षर उमटायलाच उशीर होत असेल, तर साधी थीम परत लावून पाहा. तरीही उशीर होतोय? मग दोष फोटोचा नाही. बॅटरी सेव्हर चालू आहे का आणि स्टोरेज भरलंय का, ते तपासा.

मावशीने उजेड कमी केला, चौकटी लावल्या. 'घर' आता 'घर'च उमटतं, फक्त तलावपाळीवर अमावस्या आहे.