आकृती हरवली, विधानेच उरली: नातेसंबंधाच्या प्रश्नांतील या चुका टाळा

बुद्धिमत्ता चाचणीत नातेसंबंधांचा एक उतारा देऊन त्यावर तीन-चार प्रश्न विचारण्याची पद्धत आहे. उमेदवार त्यातले पहिले दोन प्रश्न सोडवतो, तिसऱ्यावर अडतो आणि वेळ जाऊ नये म्हणून पुढे सरकतो. शेवटच्या काही मिनिटांत तो परत येतो तेव्हा रफ कागदावर चार-पाच आकृत्या एकमेकींवर चढलेल्या असतात आणि कोणती रेघ कोणत्या उताऱ्याची, हे कळेनासे होते. मग हातात उरतात ती फक्त विधाने.

अशा वेळी सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे डोक्यात राहिलेली आकृती जशीच्या तशी पुन्हा काढणे. आकृती काढताना प्रत्येक व्यक्तीसाठी चौकोन किंवा वर्तुळ, म्हणजे पुरुष किंवा स्त्री, यांपैकी काहीतरी काढण्याची हाताला सवय झालेली असते. विधानात लिंग दिलेले नसले तरी आकृतीत ते येते, आणि आठवणीत राहते ते आकृतीतले. विधानात काय होते आणि आपण काय गृहीत धरले होते, यांतली सीमारेषा आठवण पुसून टाकते. म्हणून आकृती हरवली की ती आठवू नये, विधानांकडे प्रथमच पाहत असल्यासारखे जावे. पुढील उतारा घेऊन हे नीट पाहू.

१. ड हा इ चा भाऊ आहे.
२. फ ही क यांची एकुलती एक मुलगी आहे.
३. ड हा अ चा मुलगा आहे.
४. ब ही क यांची सून आहे.
५. अ आणि ब हे पती-पत्नी आहेत.
६. कुटुंबात आज एकूण सहा जण असून त्यांत तीन पुरुष आणि तीन स्त्रिया आहेत.
७. क यांच्या पत्नीचे निधन झाले आहे.

विधाने दिलेल्या क्रमानेच मांडत जाणे ही येथली पहिली चूक ठरते. पहिले विधान ड आणि इ यांना जोडते, दुसरे फ आणि क यांना. या दोन जोड्यांचा एकमेकींशी काय संबंध आहे, हे अजून कोणीच सांगितलेले नाही. तरीही कागदावर त्या शेजारीशेजारी काढल्या जातात आणि शेजार दिसला की नाते भासू लागते. चौथ्या विधानाशी आल्यावर हा धोका अधिक वाढतो. ब ही क यांची सून आहे, याचा अर्थ क यांना मुलगा आहे इतकाच होतो, तो मुलगा कोण हे त्या विधानात नाही. घाईत असलेला उमेदवार ती रिकामी जागा ओळखीच्या पुरुषाने भरतो, आणि आतापर्यंत पुरुष म्हणून नक्की झालेला एकटा ड असल्यामुळे ड हाच ब चा पती होऊन बसतो. त्या जागी प्रश्नचिन्ह लिहून ठेवावे. पाचवे विधान ते प्रश्नचिन्ह आपोआप भरून काढते: पती अ आहे, म्हणून अ हा क यांचा मुलगा.

यासाठी सुरुवात चौथ्या आणि पाचव्या विधानांच्या जोडीपासून करावी. ज्या दोन विधानांत एक व्यक्ती सामाईक आहे आणि ज्यांतून दोन पिढ्या एकदम जोडल्या जातात, अशी जोडी शोधली की बाकीची विधाने तिला लावत जाता येते. येथे अ, ब आणि क जागेवर बसले की तिसऱ्या विधानाने ड येतो, ड च्या आधारे पहिल्या विधानाने इ येते किंवा येतो, आणि दुसऱ्या विधानाने फ ही अ ची बहीण ठरते.

दुसरी चूक लिंगाची आहे, आणि ती मराठी प्रश्नपत्रिकेत विशेष फसवते. ‘इ चा भाऊ’ यातला ‘चा’ हा प्रत्यय भाऊ या शब्दाप्रमाणे बदलतो. इ पुरुष आहे की स्त्री, याविषयी तो काहीच सांगत नाही. तरीही ‘चा’ वाचल्यावर पुरुष आणि ‘ची’ वाचल्यावर स्त्री असे मनात उमटते, आणि ‘अ ची मुलगी’ असे दिसले की अ ला आई ठरवणारे उमेदवार काही थोडे नसतात. लिंग सांगणारे शब्द वेगळे आहेत: ‘हा’, ‘ही’, किंवा सून, भाऊ, पत्नी यांसारखी नाती. ‘क यांची’ हा आदरार्थी प्रयोग तर लिंग पूर्णपणे झाकतो. वरच्या उताऱ्यात पहिल्या पाच विधानांनंतर अ आणि ड पुरुष, ब आणि फ स्त्रिया, इतकेच निश्चित होते. क आणि इ दोघेही अनिश्चित राहतात.

सहावे विधान वाचल्यावर उरलेल्या दोघांपैकी एक पुरुष आणि एक स्त्री असणार, हे कळते. कोण काय, हे मात्र अजूनही कळत नाही. आजोबा आणि नात असू शकतील, किंवा आजी आणि नातू. निर्णय देते ते सातवे विधान, आणि आकृती काढताना नेमके तेच वगळले जाते, कारण निधन झालेली व्यक्ती प्रश्नात कुठेच नसते आणि तिच्यासाठी आकृतीत जागाही ठेवलेली नसते. ‘क यांच्या पत्नीचे’ या शब्दांतून क पुरुष ठरतात आणि त्यामुळे इ स्त्री ठरते. आठवणीतून आकृती पुन्हा काढणाऱ्याच्या हाती हे विधान लागतच नाही, कारण पहिल्या आकृतीतही ते उतरलेले नव्हते.

आता ‘एकुलती एक मुलगी’ या शब्दांकडे वळू. याचा अर्थ क यांना दुसरी मुलगी नाही, एवढाच आहे. मुलगे कितीही असू शकतात. ‘एकुलते एक अपत्य’ असे म्हटले असते तर भावंडच नसते. हा फरक विसरला की फ ला भाऊ नाही असे धरले जाते, मग क यांना सून कशी, हा पेच पडतो आणि उमेदवार विधानच चुकीचे छापले आहे असे समजून पुढे जातो. दोन विधाने परस्परविरोधी वाटली, तर छपाईला दोष देण्यापूर्वी ‘एकुलता’, ‘एकुलती’, ‘एकुलते’ यांपैकी नेमका कोणता शब्द छापला आहे आणि त्याच्या पुढे कोणता शब्द आहे, हे बोट ठेवून वाचावे. बहुतेक वेळा पेच तेथेच सुटतो.

हाच शब्द बोट दाखवून विचारलेल्या प्रश्नांत आणखी बारकाईने वाचावा लागतो. छायाचित्रातील मुलीकडे बोट दाखवून कोणी म्हणाले, ‘ही माझ्या वडिलांच्या एकुलत्या एक मुलाची मुलगी आहे.’ बोलणारा पुरुष असेल तर वडिलांचा एकुलता एक मुलगा तो स्वतःच, म्हणून ती त्याची मुलगी. बोलणारी स्त्री असेल तर तो मुलगा तिचा भाऊ, म्हणून ती तिची भाची. अवतरणातले शब्द अक्षरशः तेच असूनही उत्तर बदलते, आणि ते बदलवणारा ‘म्हणाला’ किंवा ‘म्हणाली’ हा शब्द अवतरणाच्या बाहेर असतो. रफ कागदावर अवतरण तेवढे उतरवून घेतले आणि क्रियापद सोडले, तर नंतर त्या टिपणावरून उत्तर काढणे अशक्य होते. टिपणाची सुरुवात बोलणाऱ्याच्या लिंगाने करावी, त्यासाठी अधिक किंवा उणे एवढे एक चिन्ह पुरते.

अशा प्रश्नांत ‘वाक्य शेवटाकडून वाचा’ ही युक्ती अनेक मार्गदर्शक सांगतात. इंग्रजी वाक्यात ‘माझ्या’ हा शब्द शेवटी येतो, म्हणून तेथे ती उपयोगी पडते. मराठी वाक्य मात्र ‘माझ्या वडिलांच्या’ असे स्वतःपासूनच सुरू होते. ते डावीकडून उजवीकडे, एकेका ‘च्या’पाशी थांबून वाचले की साखळी आपोआप उलगडते. मराठी प्रश्नपत्रिकेत ते उलटे वाचण्याचा आग्रह धरला तर सरळ प्रश्न अवघड होतो.

अपवाद दुहेरी साखळीचा आहे. छायाचित्रातील पुरुषाकडे बोट दाखवून सीमा म्हणते, ‘याच्या आईची एकुलती एक मुलगी माझी आई आहे.’ येथे एक टोक छायाचित्रातल्या पुरुषाकडे आहे, दुसरे सीमाकडे, आणि दोन्ही साखळ्या एकाच स्त्रीपाशी मिळतात. त्या पुरुषाच्या आईची मुलगी म्हणजे त्याची बहीण, आणि तीच सीमाची आई. म्हणून तो सीमाचा मामा. ज्या व्यक्तीपाशी दोन टोके मिळतात तिला आधी नाव द्यावे, मग दोन्ही बाजूंनी तिच्यापर्यंत यावे.

आकृती पुन्हा उभी करायचीच असेल तर रेघांऐवजी तीन रकान्यांची यादी अधिक सुरक्षित असते: व्यक्ती, पिढी आणि लिंग. वरच्या उताऱ्यात क पहिल्या पिढीत, अ, ब आणि फ दुसऱ्या, ड आणि इ तिसऱ्या. लिंगाच्या रकान्यात जे ठरलेले नाही तेथे प्रश्नचिन्ह. प्रत्येक नोंदीपुढे ती ज्या विधानावरून आली त्याचा क्रमांक लिहावा. जिच्यापुढे क्रमांक लिहिता येत नाही ती नोंद गृहीतक आहे, आणि यादीत ज्याचा क्रमांक कुठेच आला नाही ते विधान वाचायचे राहिले आहे. वरच्या उताऱ्यात सात हा क्रमांक यादीत नसेल, तर चूक कुठे आहे हे शोधावे लागत नाही.

उत्तर निवडताना प्रश्नाची दिशा पुन्हा पाहावी. ‘फ चे इ शी नाते काय?’ याचे उत्तर आत्या, आणि ‘इ ही फ ची कोण?’ याचे उत्तर भाची. पर्यायांत ही दोन्ही नाती जवळजवळ ठेवलेली असतात, आणि सोबत अनेकदा पुतणीही असते. भावाची मुलगी पुरुषाची पुतणी असते, पण स्त्रीसाठी ती भाची होते, म्हणून फ च्या बाजूने पुतणी हा पर्याय टिकत नाही.

‘माहिती अपुरी आहे’ या पर्यायाविषयी दोन टोकांच्या सवयी दिसतात. काही उमेदवार तो कधीच निवडत नाहीत, काही अडले की लगेच निवडतात. सातवे विधान उताऱ्यात नसते, तर ‘इ चे क शी नाते काय?’ या प्रश्नाला तोच पर्याय बरोबर ठरला असता, कारण यादीत दोन्ही नावांपुढे प्रश्नचिन्ह राहिले असते. मात्र ‘फ चे इ शी नाते काय?’ या प्रश्नाचे उत्तर तेव्हाही आत्या हेच राहिले असते, कारण भाचा असो वा भाची, वडिलांची बहीण आत्याच असते. म्हणजे यादीत प्रश्नचिन्ह आहे एवढ्यावरून हा पर्याय निवडता येत नाही. प्रश्नचिन्हाच्या जागी आधी पुरुष आणि मग स्त्री धरून विचारलेले नाते काढावे, आणि दोन वेगळी उत्तरे आली तरच तो निवडावा. सावत्र नाते किंवा दुसरा विवाह यांची शंका काढून ‘अपुरी’ म्हणणे परीक्षेत चालत नाही: तसा स्पष्ट उल्लेख नसेल तर अ आणि ब हे दोघेही ड चे आई-वडील आणि भावंडांचे आई-वडील एकच, असे धरूनच हे प्रश्न रचलेले असतात.