ईआरपी असूनही एकच नोंद दोनदा होते? या चुका टाळा

ईआरपीत खरेदी, स्टोअर आणि अकाउंट्स या विभागांचा डेटाबेस एकच असतो, म्हणून दुबार नोंदी आपोआप थांबतील, असे गृहीत धरले जाते. मात्र एकाच मालाचे दोन आयटम कोड झाले, की त्या डेटाबेसमध्येही दोन वेगळ्या वह्या तयार होतात.

समजा, नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतील एका फॅब्रिकेशन कारखान्याने ५ मिमी जाडीच्या, १२५० × २५०० मिमी मापाच्या २० एमएस शीट मागवल्या. पोलादाची घनता ७८५० किलो प्रति घनमीटर धरली, तर एका शीटचे वजन सुमारे १२२.७ किलो आणि २० शीटचे सुमारे २,४५३ किलो भरते. खरेदी विभाग भाव किलोने ठरवतो आणि स्टोअर शीट मोजून घेते, त्यामुळे दोघांनी आपापल्या सोयीने दोन कोड उघडले. गाडीतून १९ शीट उतरल्या आणि स्टोअरने आपल्या कोडवर १९ नग चढवले. बिल मात्र २,४५३ किलोचे आले आणि अकाउंट्सने ते कागदावरून पुन्हा टाइप केले. नग आणि किलो एकमेकांसमोर आलेच नाहीत, त्यामुळे न आलेल्या शीटचे पैसेही गेले.

यावर उपाय म्हणजे कोड एकच ठेवून त्यात किलो हे मूळ एकक आणि नग हे पर्यायी एकक नोंदवणे. रोलिंगमध्ये जाडी थोडी कमी-जास्त होत असल्याने हे रूपांतर अंदाजापुरतेच असते. आवक नोंदीत, म्हणजे जीआरएनमध्ये, नगांसोबत वजनकाट्यावरचे प्रत्यक्ष वजनही लिहावे.

दुसरी चूक मला अधिक गंभीर वाटते, कारण ती घाईत रोज होते: गाडी दारात उभी असते, म्हणून खरेदी ऑर्डरचा संदर्भ न देता थेट जीआरएन केला जातो. ऑर्डर उघडून तिच्यातील त्या मालाच्या ओळीवर जीआरएन केला, तर माल, दर आणि पुरवठादार पुन्हा लिहावे लागत नाहीत. बिलही त्याच ओळीला जोडले, की ऑर्डर, आवक आणि बिल यांची तुलना होते आणि, ही तपासणी सुरू ठेवलेली असेल तर, सुमारे १२३ किलोच्या फरकावर बिल अडते. ‘माल आला, बिल बाकी’ या खात्यात जुन्या रकमा साचत असतील, तर आवक आणि बिल एकमेकांना जोडले जात नाहीत, असे समजावे.

सामायिक डेटाबेसची एक मर्यादाही आहे: चुकीचा आकडा सर्व विभागांत एकाच वेळी पोहोचतो. म्हणून नवा कोड उघडण्याचा अधिकार एकाच व्यक्तीकडे असावा. जुने दुबार कोड शोधण्यासाठी आयटमची यादी एचएसएन क्रमांकानुसार लावावी. एकाच क्रमांकाखाली त्याच मापाचा माल दोन नावांनी दिसला, तर प्रत्यक्ष मोजणी करून शिल्लक एका कोडवर वळवावी आणि दुसरा कोड निष्क्रिय करावा. तो काढून टाकू नये, कारण मागील वर्षांच्या नोंदी त्याच्याशी जोडलेल्या असतात.