१८५७ च्या कारणांचे आणि परिणामांचे मुद्दे कसे बांधायचे

‘१८५७ च्या उठावाची कारणे व परिणाम स्पष्ट करा’ हा प्रश्न पाच-सहा गुणांना आला की बरीच मुलं मंगल पांडेपासून सुरुवात करतात, मग झाशी, मग तात्या टोपे, आणि दोन पानं भरल्यावर शेवटच्या तीन ओळींत ‘कंपनीचे राज्य गेले’ असं लिहितात. लिहिलेलं सगळं खरं असतं. पण तपासणारा गुण देतो मुद्द्याला, आणि त्या दोन पानांत त्याला मुद्दे दोनच सापडतात. म्हणून पेपरच्या आधीच्या आठवड्यात या एका प्रकरणावर पुढच्या गोष्टी करून ठेवा.

पहिलं काम कोऱ्या कागदावर करायचं. तीन रकाने पाडा. डावीकडे १० मे १८५७ पूर्वीचं, मधे उठाव चालू असतानाचं, उजवीकडे त्यानंतरचं. धड्यातली प्रत्येक गोष्ट यांपैकी एका रकान्यात टाका. संस्थाने खालसा झाली ती डावीकडे, कानपूर-लखनौच्या लढाया मधे, राणीचा जाहीरनामा उजवीकडे. आता मधला रकाना पेन्सिलीने खोडा. तो ‘वाटचाल लिहा’ या प्रश्नासाठी आहे. कारणे-परिणामांच्या उत्तरात त्यातली एकही ओळ नको. राणी लक्ष्मीबाईचं शौर्य सोडून देणं मुलांना जिवावर येतं, पण या प्रश्नात झाशीची जागा डाव्या रकान्यात आहे, तीही १८५४ साली ते संस्थान खालसा झालं म्हणून.

मग डाव्या रकान्यातला एकेक मुद्दा बांधायला घ्या. एका मुद्द्यात तीन गोष्टी हव्यात: काय घडलं, त्याचा पुरावा म्हणून एक नाव किंवा साल, आणि त्याने कोण का दुखावलं. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. ‘डलहौसीने दत्तक वारसा नामंजूर करून सातारा, नागपूर, झाशी ही संस्थाने खालसा केली’ हे वाक्य माहिती म्हणून ठीक आहे, पण माणसं उठली का, ते त्यात कुठे आहे? तेच असं लिहून बघा: ‘दत्तक वारसा नामंजूर करण्याच्या धोरणाने डलहौसीने १८४८ मध्ये सातारा आणि १८५४ मध्ये नागपूर व झाशी ही संस्थाने खालसा केली. हिंदू परंपरेत दत्तकपुत्राला वारसाचा पूर्ण हक्क असल्याने हा अन्याय आहे अशी भावना पसरली. राज्यकर्त्यांबरोबर दरबारावर पोट असलेले सरदार आणि सैनिकही उघड्यावर आले व असंतोष वाढला.’ तीन वाक्यांत मुद्दा पुरा झाला. वहीतला प्रत्येक मुद्दा या मापाने तपासा. ‘त्यामुळे’ किंवा ‘म्हणून’ ने सुरू होणारं शेवटचं वाक्य जोडता येत नसेल, तर ते अजून कारण झालेलं नाही.

या मुद्द्यात एक खड्डा आहे. अवध. बरीच मुलं अवधचं नाव सातारा-नागपूरच्या ओळीत घालतात. अवध १८५६ मध्ये गैरकारभाराचं कारण पुढे करून खालसा केलं. नवाब वाजिद अली शाह जिवंत होता, वारसाचा प्रश्नच नव्हता. अवधचा मुद्दा वेगळा लिहा. कंपनीच्या बंगाल लष्करातले कितीतरी शिपाई अवधच्या गावांतले होते, त्यामुळे राज्य गेल्याची आणि जमीनमहसुलाच्या नव्या बंदोबस्ताची झळ थेट पलटणीत पोहोचली. राजकीय आणि लष्करी कारणांचा सांधा इथे दिसतो, आणि असा सांधा दाखवणारं उत्तर तपासणाऱ्याच्या नजरेत भरतं.

लष्करी कारणांत समुद्रापार नोकरीची सक्ती करणारा १८५६ चा कायदा घ्या. तो नव्याने भरती होणाऱ्यांना लागू होता, तरी समुद्र ओलांडल्याने धर्म बुडतो असं मानणाऱ्या शिपायांना आपल्या मुलाबाळांचं भवितव्य त्यात दिसलं. काडतुसांचा मुद्दा शेवटी ठेवा आणि त्याला ‘तात्कालिक कारण’ असं उपशीर्षक द्या. मंगल पांडेची बराकपूरची घटना २९ मार्चची, मीरतचा उठाव १० मेचा. या दोन तारखांची अदलाबदल होऊ देऊ नका. मीरतच्या ८५ घोडेस्वारांनी काडतुसं नाकारली, त्यांना ९ मे रोजी सर्वांदेखत बेड्या ठोकल्या आणि दुसऱ्याच दिवशी भडका उडाला, एवढं पुरतं. काडतुसं पहिल्या क्रमांकावर लिहिली की बाकीची कारणं जोडल्यासारखी वाटतात.

आता उजवा रकाना, आणि माझ्या मते या तयारीतलं सर्वांत फायद्याचं काम. परिणाम वेगळे पाठ करू नका. प्रत्येक कारणासमोर सरकारने नंतर काय केलं ते लिहा. संस्थाने खालसा केली होती, तर १ नोव्हेंबर १८५८ च्या राणीच्या जाहीरनाम्यात राज्यविस्तार थांबवण्याचं आणि संस्थानिकांशी झालेले करार पाळण्याचं आश्वासन आलं. पुढे कॅनिंगने दत्तक घेण्याच्या हक्काच्या सनदाही दिल्या. धर्म बुडवतील ही भीती होती, तर धार्मिक बाबतीत ढवळाढवळ न करण्याचं वचन आलं. शिपाई उठले होते, तर बंगाल लष्करात दोन भारतीयांमागे एक युरोपीय सैनिक हे प्रमाण ठरलं आणि तोफखाना युरोपीयांच्या ताब्यात गेला. कंपनीच्या कारभारावरच ठपका आला, तर पार्लमेंटने १८५८ च्या कायद्याने तिची सत्ता काढून घेतली, भारतमंत्री हे पद निर्माण केलं आणि गव्हर्नर जनरल कॅनिंग व्हाइसरॉय झाला. अशा जोड्या लावल्या की एक आठवलं की दुसरं आपोआप येतं.

ही जोडी सगळीकडे जुळत नाही, तेही लक्षात ठेवा. विणकर आणि कारागिरांचा धंदा बुडाला हे आर्थिक कारण आहे, पण त्यांच्या तक्रारीला सरकारने काहीच उत्तर दिलं नाही. तिथे ओढूनताणून परिणाम शोधू नका. लष्करातला बदलही शिपायांना दिलासा देणारा नव्हता, पुन्हा उठाव होऊ नये म्हणून केलेला बंदोबस्त होता. हा फरक एका वाक्यात लिहिलात तर ‘सविस्तर उत्तर लिहा’ या प्रश्नात त्याचं वजन पडतं.

लिहायला बसाल तेव्हा गुण मोजा. तीन गुणांना तीन, पाच गुणांना पाच मुद्दे हे साधारण माप धरा. कारणे व परिणाम दोन्ही विचारले असतील तर सहा गुणांना तीन-तीन; कारणांवर पाच लिहून परिणामांसाठी एकच उरला असं होऊ देऊ नका. प्रत्येक मुद्दा नव्या ओळीवर क्रमांकाने सुरू करा, उपशीर्षक दोन-तीन शब्दांचं ठेवून अधोरेखित करा आणि मधे एक ओळ मोकळी सोडा. ‘सकारण स्पष्ट करा’ असेल तर दिलेलं विधान शेवटच्या मुद्द्यात ‘म्हणून’ लावून परत आणा.

घरी घड्याळ लावून हे उत्तर एकदा लिहा आणि मग फक्त सालांखाली रेघ मारत वाचा. एखाद्या मुद्द्यात ना साल, ना नाव, ना ‘त्यामुळे’ असं आढळलं, तर तेवढाच मुद्दा नव्याने लिहा. कायदा ऑगस्टमधला आणि जाहीरनामा नोव्हेंबरमधला, हे दोन एकाच वाक्यात गुंतलेले नाहीत ना, तेही त्याच वाचनात बघून घ्या.