हरवलेल्या फ्लोचार्टची यादी लिहायला बसण्याआधी

अंध विद्यार्थ्यांसाठी पुस्तकांची टेक्स्ट फाईल तयार करताना सगळ्यात जास्त वेळ खातात ते फ्लोचार्ट. स्कॅनमधून मजकूर निघतो, चित्र मागेच राहतं आणि फाईलमध्ये चौकटींमधले शब्द नुसते सांडलेले दिसतात. दोन संख्यांचा मसावि काढायचा फ्लोचार्ट असाच माझ्याकडे आला. मजकुरात एवढंच होतं: सुरुवात, अ आणि ब घ्या, अ ला ब ने भागा बाकी क, क = ० ?, ब छापा, शेवट, ब = क, अ = ब, आणि सगळ्यात खाली एकापाठोपाठ ‘हो नाही’. शब्द एकही गेलेला नव्हता. बाण मात्र एकही उरला नव्हता, आणि फ्लोचार्टमधला खरा मजकूर बाणांमध्येच असतो. तो चित्राशिवाय ऐकून कळावा म्हणून प्रत्येक चौकटीनंतर कुठे जायचं हे सांगणारी नंबरवार यादी लिहावी लागते.

म्हणून पहिली तयारी लिहिण्याची नाही, गोळा करण्याची. आकृतीखालची ओळ, तिच्या आधीचा आणि नंतरचा परिच्छेद, त्याच धड्यातलं सोडवलेलं उदाहरण आणि जमलं तर ज्याच्याकडे छापील प्रत आहे त्याच्याकडून फोनवर काढलेला फोटो, हे सगळं आधी समोर हवं. सोडवलेलं उदाहरण तर सोडूच नका, पुढे ताळा त्याच्यावरच करायचा आहे. छापील प्रत सापडली तर निम्मं काम झालं. सापडली नाही तर फाईलमधल्या शब्दांच्या क्रमावर विसंबू नका. स्कॅन वाचणारं सॉफ्टवेअर पानाचे उभे-आडवे तुकडे पाडून वाचतं, त्यामुळे उजवीकडच्या रांगेतल्या चौकटी बहुतेक वेळा शेवटी येऊन पडतात. माझ्या फाईलमध्ये ‘ब = क’ आधी आणि ‘अ = ब’ नंतर आलं होतं. हे लक्षात ठेवा, याच्याकडे परत यायचंय.

मग प्रत्येक चौकटीला नंबर द्या आणि ती कोणत्या जातीची आहे ते बाजूला लिहा. चित्रात हे आकारावरून कळतं: लांबट गोल म्हणजे सुरुवात किंवा शेवट, तिरका चौकोन म्हणजे माहिती घेणं किंवा छापणं, सरळ चौकोन म्हणजे काम, आणि शंकरपाळ्यासारखा आकार म्हणजे निर्णय. आकार गेले असले तरी शब्दांवरून जात ओळखता येते, प्रश्नचिन्ह असलेली चौकट निर्णयाचीच. नंबर हा पत्ता आहे, क्रम नाही, हे यादीच्या डोक्यावर एका वाक्यात सांगून टाका. नाहीतर वाचणारा चारनंतर पाच करत सरळ खाली जातो.

आता बाण मोजायचे, लिहायच्या आधीच. सुरुवातीतून एक बाण बाहेर पडतो, कामाच्या आणि घेण्या-छापण्याच्या चौकटीतून प्रत्येकी एक, निर्णयातून दोन, शेवटातून एकही नाही. आमच्या आठ चौकटींत सुरुवातीचा एक, घेणे, भागणे, दोन बदल आणि छापणे मिळून पाच, निर्णयाचे दोन, म्हणजे एकूण आठ बाण. यादी पूर्ण झाल्यावर ‘इकडे जा’ असं आठ वेळा आलंच पाहिजे. सात आले तर एखाद्या चौकटीपुढे रस्ता बंद झालाय. बहुधा तो निर्णयाचा ‘नाही’ असतो, कारण ‘हो’ लिहिला की हात पुढे सरकतो.

बाण कुठे पोहोचतो हे ठरवताना माझी एकदा चांगलीच फजिती झाली आहे. परत फिरणारा बाण चित्रात पुष्कळदा चौकटीला टेकतच नाही, दोन चौकटींमधल्या रेघेला येऊन मिळतो. अशा वेळी ती रेघ पुढे ज्या चौकटीत शिरते तिचा नंबर लिहायचा. मी रेघ जिथून निघते तिचा लिहिला, म्हणजे ‘अ आणि ब घ्या’ हिचा. ज्या मुलासाठी हे केलं होतं त्याचा संध्याकाळी फोन आला, ‘‘काका, हा सारखा संख्याच मागतोय!’’

शब्दरचनाही कानाने तपासून घ्या. ‘वरच्या चौकटीकडे’, ‘उजवीकडे’ असलं काही नको, चित्रच नाही तर उजवं कुठलं? बाणाचं चिन्ह आणि बरोबरचं चिन्हही टाळलेलं बरं. स्क्रीन रीडर चिन्हं वाचणार की गाळणार हे ज्याच्या त्याच्या सेटिंगवर असतं, आणि ‘अ ब’ एवढंच ऐकून कुणाला काय कळणार? निर्णयाची दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या ओळींत, उत्तराचा शब्द आधी आणि नंबर नंतर. आमची यादी शेवटी अशी झाली:

```
१. सुरुवात. २ कडे जा.
२. अ आणि ब घ्या. ३ कडे जा.
३. अ ला ब ने भागा, बाकी क मध्ये ठेवा. ४ कडे जा.
४. निर्णय: क शून्य आहे का?
   हो: ७ कडे जा.
   नाही: ५ कडे जा.
५. ब ची किंमत अ मध्ये ठेवा. ६ कडे जा.
६. क ची किंमत ब मध्ये ठेवा. ३ कडे जा.
७. ब छापा. ८ कडे जा.
८. शेवट.
```

ताळ्यासाठी संख्या निवडताना प्रत्येक बाणावरून एकदा तरी जाणं होईल अशाच घ्या. ४८ आणि १२ घेतल्या तर पहिल्याच भागाकारात बाकी शून्य येते, उत्तर १२ छापलं जातं, आणि पाच, सहा व परतीचा बाण यांना हातही लागत नाही. ४८ आणि १८ घ्या. बाकी १२, निर्णय नाही, आता अ १८ आणि ब १२. बाकी ६, पुन्हा नाही, अ १२ आणि ब ६. बाकी शून्य, हो, ६ छापले. मसावि सहाच आहे.

फाईलमधल्या क्रमावर विसंबलो असतो तर काय झालं असतं, तेही याच संख्यांवर करून पाहा. ‘ब = क’ आधी केलं की ब मध्ये १२ येतात आणि जुने १८ पुसले जातात. मग ‘अ = ब’ केलं की अ मध्येही १२. बाराला बाराने भागलं, बाकी शून्य, उत्तर १२. पण १२ ने १८ ला भाग जात नाही. बाण मोजून ही चूक सापडत नाही, तेव्हाही ते आठच भरतात. धड्यातलं सोडवलेलं उदाहरण जवळ ठेवायला सांगितलं ते यासाठी.

एक मोह मात्र आवरा. यादी लिहिता लिहिता मूळ फ्लोचार्टमधल्या उणिवा दिसायला लागतात. आमच्यात ब शून्य दिला तर काय, हे कुठेच विचारलेलं नाही, आणि शून्याने भागता येत नाही. मला तिथे एक निर्णय घालावासा वाटला, पण परीक्षेत पुस्तकातला फ्लोचार्ट विचारतात, माझा नाही. असं काही आढळलं तर यादीच्या खाली वेगळ्या ओळीत, ‘लिहिणाऱ्याची टीप’ म्हणून द्या. उलट, अ मोठा आहे का हा प्रश्न मूळ चित्रात नाही म्हणून घाबरायचं कारण नाही. १८ आणि ४८ अशा क्रमाने दिल्या तर पहिल्या भागाकारात भागफल शून्य आणि बाकी १८ येते, पाच आणि सहामधून जाताना संख्यांची आपोआप अदलाबदल होते, आणि एक फेरी जास्त होऊन उत्तर तेच येतं.

शेवटी यादी दुसऱ्या कुणालातरी मोठ्याने वाचून दाखवा आणि त्याला कागदावर चौकटी काढायला सांगा. तो मध्येच थांबून ‘‘आता कुठे?’’ म्हणाला, तर त्या ओळीतला नंबर राहिलाय.